विषय: दिवाळीआधीचं आपलं बोलणं – खासगी

नमस्कार मॅडम,

दिवाळीच्या आधी नोकरी बदलण्याबद्दल आपला फोन आला होता, तेव्हा मी "सध्या विचार नाही" म्हणालो होतो. आता विचार आहे.

ओळख थोडक्यात देतो. १९९८चा मेकॅनिकल, तेव्हाचं व्हीआरसीई, आताचं व्हीएनआयटी. २७ वर्षं उत्पादनात, त्यातली शेवटची ११ बुटीबोरीत. सध्या व्हाइस प्रेसिडेंट, ऑपरेशन्स. दोन प्लांट आणि साधारण ९०० माणसं माझ्याकडे. कंपनीशी भांडण नाही. मालकांची पुढची पिढी आली आहे, मुलं हुशार आहेत, पण बोर्डावरच्या खुर्च्या घरातच राहणार हे आता स्पष्ट झालंय.

म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. 'डायरेक्टर' हा शब्द हल्ली व्हिजिटिंग कार्डावर कुणालाही मिळतो. मला पूर्णवेळ संचालकपद हवं आहे, डिन नंबरासकट, बोर्डाच्या बैठकीत मत असलेलं. कायदा कारखान्याचा ऑक्युपायर म्हणून संचालकालाच धरतो. अपघात झाला तर नोटीस माझ्या नावाने येईल, याची मला जाणीव आहे. फॅक्टरी मॅनेजर म्हणून सही करत आलोय, त्यामुळे त्याची भीती वाटत नाही. पण जबाबदारी माझी असेल तर सुरक्षेच्या खर्चाचा अधिकारही माझा हवा, आणि संचालकांच्या दायित्वाचा विमा कंपनीने काढलेला हवा. हे क्लायंटला पहिल्याच भेटीत विचारावं, ही विनंती.

गुप्ततेबद्दल जरा जास्तच लिहितो, राग मानू नका. बुटीबोरी फार लहान आहे. सकाळी कुणी इंटरव्ह्यूला गेला की संध्याकाळपर्यंत वर्धा रोडवरच्या टपरीवर कळतं. सोबतच्या बायोडेटात सध्याच्या कंपनीचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. क्लायंट कोण ते मला सांगून, मी हो म्हटल्यावरच तो पुढे पाठवावा. तीन कंपन्यांकडे तो अजिबात जाऊ नये, त्यांची नावं फोनवर सांगेन. लिंक्डइनवर निरोप नको. ऑफर हातात येईपर्यंत इथल्या कुणाकडेही माझी चौकशी नको. आधीच्या नोकरीतले दोन वरिष्ठ संदर्भ देतील.

ठिकाण पुणे, मुंबई किंवा नागपूर. आई ७८ वर्षांची आहे आणि धरमपेठेतलं घर सोडणार नाही म्हणते, तेव्हा महिन्यातून दोनदा तरी इकडे यावं लागेल. समृद्धी झाल्यापासून ते पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. सध्याचा पगार ६८ लाख, व्हेरिएबल वेगळं. नोटीस तीन महिन्यांची. मार्चअखेरचा बोनस जूनमध्ये हातात पडतो, त्याआधी राजीनामा दिला तर तो जातो. त्यामुळे जूनच्या आधीचं काही असेल तर भरपाईचं बोलावं लागेल.

फोन रात्री साडेआठनंतर, किंवा रविवारी सकाळी. दिवसा केलात तर मी "राँग नंबर" म्हणेन, ते मनावर घेऊ नका.

आपला,
मिलिंद
नागपूर