शिक्षक सभेचे इतिवृत्त : परीक्षेतील गैरप्रकारांना प्रतिबंध

दिनांक : शनिवार, ३ जानेवारी २०२६, दुपारी १२.१५
स्थळ : शिक्षक दालन, माध्यमिक विद्यालय, शाहूपुरी, कोल्हापूर
अध्यक्ष : मुख्याध्यापिका
उपस्थिती : २४ पैकी २२. हिंदी शिक्षक रजेवर, क्रीडा शिक्षक प्रशिक्षणास.

मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले. इयत्ता १०वीची पूर्वपरीक्षा १९ ते २४ जानेवारी, परीक्षार्थी १४३.

परीक्षा विभागप्रमुखांनी दुसऱ्या घटक चाचणीत सापडलेले साहित्य टेबलावर मांडले : बोटभर रुंदीच्या नऊ मायक्रो झेरॉक्स चिठ्ठ्या, बाटलीच्या लेबलच्या आतल्या बाजूला लिहिलेली सूत्रे आणि एक पॅड. पॅड सरळ धरला तर कोरा दिसतो, खिडकीकडे तिरपा केला की पेन्सिलीने लिहिलेल्या सनावळ्या चमकतात. तीन पुरवण्यांवर पर्यवेक्षकाची सही होती, पण वाटपाच्या नोंदीत त्यांचे क्रमांक नव्हते. कारण साधे निघाले : वेळ वाचावा म्हणून पुरवण्यांवर आधीच सह्या करून गठ्ठा टेबलावर ठेवला होता. चिठ्ठ्यांपेक्षा ही चूक मोठी, कारण ती आपली आहे, असे अध्यक्षांनी नमूद करण्यास सांगितले.

ठराव १. पुरवणीवर सही विद्यार्थ्याच्या बाकापाशीच, मागणी आल्यावर करावी. क्रमांक लगेच नोंदवावा. उरलेल्या पुरवण्या मोजून परत द्याव्यात. छापील नोंदतक्ते परीक्षा विभागप्रमुख ८ जानेवारीपर्यंत देतील.

ठराव २. बैठक व्यवस्था. सहा वर्ग, प्रत्येकी २४ बाक, एका बाकावर एकच विद्यार्थी, तुकड्या आलटून पालटून. वर्ग लहान असल्याने बाकांतील अंतर वाढवता येत नाही. त्यामुळे गणित भाग १, भाग २ आणि विज्ञानाच्या दोन्ही भागांसाठी अ व ब संच काढावेत. फरक फक्त वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या क्रमात. बोटांच्या खुणांनी पर्याय सांगण्याचा प्रकार याने थांबेल. गणित शिक्षकांनी हरकत घेतली की दोन संचांत आकृत्यांची पाने अदलाबदल होतात, शिवाय तपासताना उत्तरसूची चुकते. त्यावर संचाचे अक्षर प्रत्येक पानाच्या डोक्यावर छापावे आणि ब संचाची उत्तरसूची रंगीत कागदावर काढावी असे ठरले. जबाबदारी : विषय शिक्षक, १२ जानेवारी. आसन आराखडा : वर्गशिक्षक, १६ जानेवारी. फलकावर तो परीक्षेच्या दिवशी सकाळीच लावावा. आदल्या दिवशी लावला की बाकावर आधीच लिहून ठेवले जाते. १७ तारखेला शाळा सुटल्यावर शिपाई बाक ओल्या फडक्याने पुसतील.

ठराव ३. प्रश्नपत्रिका बाहेरच्या झेरॉक्स दुकानात देऊ नयेत. छपाई कार्यालयातच, विषय शिक्षकासमोर. बिघडलेल्या प्रती टोपलीत न टाकता जागेवर फाडाव्यात; मूळ प्रत यंत्राच्या काचेवर विसरते, ती उचलल्याची खात्री करावी. वर्गनिहाय सीलबंद पाकिटे कपाटात, किल्ली मुख्याध्यापिकांकडे. मुदत : १६ जानेवारी. जबाबदारी : मुख्य लिपिक.

ठराव ४. मोबाइल, स्मार्ट घड्याळ, लिहिलेला पॅड वर्गात नाही. लेबल काढलेली पारदर्शक बाटली चालेल. दप्तरे व्हरांड्यात न ठेवता ग्रंथालयात. हाच नियम पर्यवेक्षकांच्या मोबाइललाही लागू. पर्यवेक्षण करताना पेपर तपासणे बंद. (या मुद्द्यावर चर्चा लांबली, तपासणीसाठी वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न रास्त आहे. २७ जानेवारीला दुपारचे तीन तास तपासणीसाठी मोकळे देण्याचे अध्यक्षांनी मान्य केले.) विद्यार्थी व पालकांना लेखी सूचना : वर्गशिक्षक, १० जानेवारी.

ठराव ५. कॉपी सापडल्यास : आरडाओरड न करता साहित्य ताब्यात घ्यावे. उत्तरपत्रिकेतील शेवटच्या ओळीखाली लाल रेघ मारून वेळ लिहावी, सही करावी. ती उत्तरपत्रिका साहित्यासह पाकिटात घालून नवी द्यावी. विद्यार्थ्याचा जबाब पेपर संपल्यावर त्याच्याच अक्षरात घ्यावा; नकार दिल्यास तसे लिहून दुसऱ्या शिक्षकाची सही घ्यावी. मारहाण, वर्गासमोर अपमान नको. खिशात हात घालू नये, त्यालाच खिसे रिकामे करायला सांगावे. मुलींबाबत शिक्षिकेलाच बोलवावे. पालकांना त्याच दिवशी कळवावे. गुणांबाबत निर्णय तीन जणांची समिती दोन दिवसांत देईल : मुख्याध्यापिका, परीक्षा विभागप्रमुख, वर्गशिक्षक.

बोर्डाच्या परीक्षेत मात्र शिक्षेचा निर्णय शाळेचा नसतो. प्रकरण कोल्हापूर विभागीय मंडळाकडे जाते. गैरप्रकारांना मदत करणाऱ्यांवर १९८२च्या राज्य कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. १०वीच्या वर्गांत याची माहिती ९ जानेवारीच्या परिपाठात उपमुख्याध्यापक देतील.

ठराव ६. स्वच्छतागृहाच्या खिडकीच्या कठड्यावर व टाकीमागे चिठ्ठ्या ठेवल्या जातात. पेपरपूर्वी आणि दर तासाला तपासणी. एका वेळी एका वर्गातून एकच विद्यार्थी, जाण्या-येण्याची वेळ नोंदवून. जबाबदारी : कला शिक्षक व एक शिक्षिका, १९ तारखेपासून रोज.

सर्व ठराव एकमताने मंजूर. गैरहजर दोघांना परीक्षा विभागप्रमुख सोमवारी, ५ जानेवारीला इतिवृत्त वाचायला देऊन सही घेतील. आढावा सभा : शनिवार, १७ जानेवारी, दुपारी १२.१५. सभा १.५० वाजता संपली.

सही : सभा सचिव
सही : मुख्याध्यापिका