सोसायटीची नियमावली : नवीन नंबर लावलेली प्रत (कमिटी आणि सगळ्या सभासदांसाठी)

सगळ्यांना नमस्कार. मागच्या मीटिंगमध्ये ठरलं होतं त्याप्रमाणे आपल्या नियमावलीला नीट क्रमाने नंबर लावून पूर्ण प्रत खाली टाकतोय. जरा लांब आहे पण कृपया पूर्ण वाचा, कारण पुढे नोटीस निघेल ती याच नंबरांवर निघेल.

जुन्या प्रतीत काय झालं होतं ते एकदा सांगतो. मूळ नियम पाच-सहाच होते, मग दरवर्षी एखादं सर्क्युलर निघालं की ते जसंच्या तसं खाली चिकटवलं गेलं आणि ज्याने टाइप केलं त्याने त्याच्या पद्धतीने नंबर टाकला. त्यामुळे नियम ३ दोन आहेत, एक पार्किंगचा आणि एक कचऱ्याचा. नियम ५ पण दोन. ४ नाहीच, डायरेक्ट ४.१ आहे. ६ नंतर ६.२ आणि मग ६(३), ८ आणि ११ गायब, १२ नाही पण १२(२) आहे. गेल्या वर्षी पार्किंगच्या दंडाच्या नोटिशीत नुसतं "नियम ५ प्रमाणे" लिहिलं होतं, त्या सभासदाने नियम ५ उघडला तर भाडेकरूंचा नियम निघाला आणि तो म्हणाला माझ्याकडे भाडेकरूच नाही तर दंड कसला. त्याचं म्हणणं बरोबरच होतं, दंड सोडून द्यावा लागला.

नंबर असे वाचायचे: पहिला आकडा भागाचा, दुसरा नियमाचा, तिसरा पोटनियमाचा, आणि त्याच्याही आत काही असेल तर (क), (ख). यापेक्षा खोल जायचं नाही. प्रत्येक नियमापुढे जुना नंबर कंसात ठेवलाय. नियमाचा अर्थ, रक्कम, तारीख कुठेच बदललेली नाही, तो अधिकार जनरल बॉडीचा आहे. फक्त "वरीलप्रमाणे", "खालील नियम" असं जिथे होतं तिथे नेमका नंबर घातलाय, कारण नियम जागेवरून हलला की "वरील" म्हणजे कोणता ते कळत नाही. जिथे जुन्या मजकुरातच घोळ आहे तिथे मी दुरुस्त केलेलं नाही, खाली "ठरवायचंय" असं लिहून ठेवलंय.

भाग १ : मेंटेनन्स आणि इतर पैसे

१.१ बिल (जुना १)
१.१.१ मेंटेनन्सचं बिल दर महिन्याच्या १ तारखेला निघेल.
१.१.२ पैसे त्याच महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे, चेक किंवा ऑनलाइन. वॉचमनकडे कॅश देऊ नये.

१.२ फंड (जुना २(अ))
१.२.१ सिंकिंग फंड: बांधकाम खर्चाच्या वर्षाला ०.२५ टक्के, जमिनीची किंमत धरायची नाही.
१.२.२ दुरुस्ती-देखभाल फंड: बांधकाम खर्चाच्या वर्षाला ०.७५ टक्के.

१.३ थकबाकी (जुना २-ब)
१.३.१ १.१.२ मधली तारीख उलटली की थकलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के व्याज लागेल.
ठरवायचंय: दरमहा २ म्हणजे वर्षाला २४ टक्के होतात, आणि आदर्श उपविधीत सरळव्याजाने वर्षाला २१ टक्के ही कमाल मर्यादा आहे. हे नंबर लावताना गुपचूप बदलायचं काम नाही, पण असंच ठेवूनही चालणार नाही, त्यामुळे जनरल बॉडीच्या विषयपत्रिकेवर घ्या.

१.४ नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (जुना ६)
१.४.१ फ्लॅट भाड्याने दिला असेल तर सेवाशुल्काच्या १० टक्के, महापालिकेचे टॅक्स सोडून.
१.४.२ पुढच्यांपैकी कोणी राहत असेल तर हा चार्ज लागत नाही:
(क) सभासदाचे आई-वडील, भाऊ, बहीण
(ख) मुलगा, मुलगी, जावई, सून, नातवंडं
हा नियम जुन्या प्रतीत भाडेकरूंच्या मागोमाग होता. पण तो पैशाचा आहे आणि ट्रेझररकाका बिल करताना शोधतात तो इथेच, म्हणून भाग १ मध्ये आणला.

भाग २ : पार्किंग

२.१ स्टिकर आणि जागा (जुना ३, पहिला)
२.१.१ प्रत्येक गाडीवर सोसायटीचा स्टिकर हवा, पुढच्या काचेवर डावीकडे. टू-व्हीलरला हेडलाइटच्या खाली.
२.१.२ ज्याला जी जागा दिलीय तिथेच गाडी लावायची. अदलाबदल करायची असेल तर दोघांनी मिळून सेक्रेटरींना लेखी द्यायचं.

२.२ पाहुण्यांच्या गाड्या (जुना ४.१)
२.२.१ गेटवरच्या रजिस्टरमध्ये नोंद करूनच आत सोडायची.
२.२.२ रात्रभर ठेवायची असेल तर ११ च्या आत वॉचमनला सांगायचं.

२.३ पार्किंगचा दंड (जुना ५, दुसरा)
२.३.१ दंड ५०० रुपये, पुढच्या दोन बाबतीत:
(क) २.१.१ प्रमाणे स्टिकर नसलेली सभासदाची गाडी
(ख) २.१.२ मोडून दुसऱ्याच्या जागेत लावलेली गाडी
२.३.२ दंड लावण्याआधी ६.१ प्रमाणे नोटीस द्यायची. जुन्या प्रतीत इथे "शेवटच्या नियमाप्रमाणे" असं होतं, तेव्हा शेवटचा नियम १३ होता, मग १४ वा जोडला गेला आणि हा संदर्भ आपोआप तक्रारीच्या नियमाकडे गेला.

भाग ३ : भाडेकरू (जुना ५, पहिला)

३.१ कागदपत्रं
३.१.१ लीव्ह अँड लायसन्स करार रजिस्टर केलेला हवा (महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५) आणि त्याची कॉपी ऑफिसला द्यायची.
३.१.२ पोलिसांना दिलेल्या माहितीची पोच सोबत जोडायची.

३.२ राहायला येताना-जाताना
३.२.१ सामान हलवायच्या आदल्या दिवशी ऑफिसला कळवायचं. जड सामान सर्व्हिस लिफ्टनेच.
३.२.२ चार्जेस १.४ प्रमाणे.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण पुढे कोणीतरी या फाइलमध्ये हात घालणारच आहे. ३.१.१ मधलं कलम ५५ हे कायद्याचं कलम आहे, आपलं नाही. आपण भाग कितीही हलवले तरी ते ५५ च राहणार. जुन्या प्रतीत आपल्या नियमांनाही कुठे "नियम" आणि कुठे "कलम" म्हटलं होतं, त्यामुळे फाइंड-रिप्लेस मारून "कलम ५" चं "कलम ३.१" करायला गेलं की "कलम ५५" चं "कलम ३.१५" होऊन बसतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून आता आपलं असेल तर फक्त नियम, कायद्याचं असेल तर कलम, आणि त्याच्यासोबत कायद्याचं नाव आणि वर्ष. कृपया हे पाळा.

भाग ४ : फ्लॅटमधलं काम

४.१ परवानगी आणि डिपॉझिट (जुना ६.२)
४.१.१ काम सुरू करायच्या ७ दिवस आधी अर्ज, त्यात कामाचं स्वरूप आणि कॉन्ट्रॅक्टरचा फोन नंबर.
४.१.२ डिपॉझिट १०,००० रुपये, काम संपल्यावर परत.
४.१.३ कॉलम, बीम, बाहेरची भिंत यांना हात लावायचा नाही.

४.२ कामाची वेळ (जुना ९ आणि जुना १२(२))
४.२.१ सकाळी १० ते संध्याकाळी ५ (जुना ९).
४.२.२ सकाळी १० ते संध्याकाळी ६ (जुना १२(२)).
४.२.३ रविवारी आणि सणाच्या दिवशी तोडफोड, ड्रिलिंग बंद (दोन्हीकडे सारखंच आहे).
ठरवायचंय: हे दोन नियम तीन पानांच्या अंतरावर होते त्यामुळे इतकी वर्षं चालून गेलं, ज्याचं काम चालू असतं तो ६ दाखवतो आणि ज्याच्या डोक्यावर ठोकाठोक चालू असते तो ५ दाखवतो. आता एकाखाली एक आलेत. कमिटीने एक वेळ सुचवावी आणि जनरल बॉडीत पास करून घ्यावी, मग ४.२.२ काढून टाकू. त्याचा नंबर मात्र दुसऱ्या कशाला द्यायचा नाही, तिथे "रद्द" लिहायचं.

४.३ राडारोडा (जुना ६(३))
४.३.१ जिन्यात, पॅसेजमध्ये, कचऱ्याच्या डब्यात टाकायचा नाही, गोणीत भरून स्वतः बाहेर न्यायचा.
४.३.२ सोसायटीला उचलावा लागला तर तो खर्च ४.१.२ च्या डिपॉझिटमधून कापू.

भाग ५ : रोजचं

५.१ कचरा (जुना ३, दुसरा)
५.१.१ ओला आणि सुका वेगळा. सॅनिटरी कचरा कागदात गुंडाळून, खूण करून.
५.१.२ सकाळी ८ च्या आत दाराबाहेर.

५.२ पाणी (जुना ७)
५.२.१ गाड्या पाइपने धुवायच्या नाहीत, बादली वापरायची.
५.२.२ टँकर मागवावा लागला तर खर्च सगळ्या फ्लॅटना सारखा.

५.३ पाळीव प्राणी (जुना ७-अ)
५.३.१ कॉमन जागेत पट्टा लावूनच.
५.३.२ घाण केली तर मालकाने लगेच साफ करायची.
जुना ७-अ म्हणजे पाण्याच्या नियमाचा पोटनियम असं दिसत होतं, पण त्याचा पाण्याशी काहीच संबंध नाही, म्हणून वेगळा केला.

५.४ आवाज (जुना १०)
५.४.१ रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद.

भाग ६ : नोटीस, दंड, तक्रार

६.१ नोटीस आणि दंड (जुना १३)
६.१.१ आधी लेखी नोटीस, त्यात मोडलेल्या नियमाचा पूर्ण नंबर लिहायचा, म्हणजे नुसतं "भाग २" नाही तर "२.३.१(ख)".
६.१.२ सभासदाला उत्तर द्यायला १५ दिवस.
६.१.३ त्याचं म्हणणं ऐकूनच कमिटीने निर्णय घ्यायचा.
ठरवायचंय: जुन्या १३ मध्ये "मुदत नियम ८ प्रमाणे" असं आहे आणि नियम ८ आपल्याकडे नाहीच. १५ दिवस मी मनाने टाकलेले नाहीत, आतापर्यंतच्या सगळ्या नोटिशींत तेवढेच दिवस दिलेत म्हणून घेतलेत. जुना नियम ८ ची प्रत कोणाकडे असेल, खास करून पहिल्या कमिटीतल्या काकांकडे, तर प्लीज पाठवा.

६.२ तक्रार (जुना १४)
६.२.१ ऑफिसच्या रजिस्टरमध्ये किंवा सोसायटीच्या ईमेलवर. ग्रुपवर टाकलेला मेसेज तक्रार धरली जाणार नाही.
६.२.२ कमिटीने पुढच्या मीटिंगमध्ये उत्तर द्यायचं.

जुन्यावरून नवीन शोधायला
ज्यांच्याकडे जुन्या नोटिशी आहेत त्यांच्यासाठी: १ → १.१, २(अ) → १.२, २-ब → १.३, ३ पार्किंग → २.१, ३ कचरा → ५.१, ४.१ → २.२, ५ भाडेकरू → भाग ३, ५ दंड → २.३, ६ → १.४, ६.२ → ४.१, ६(३) → ४.३, ७ → ५.२, ७-अ → ५.३, ९ → ४.२.१, १० → ५.४, १२(२) → ४.२.२, १३ → ६.१, १४ → ६.२. यात दोन जागा फसव्या आहेत, नीट बघा: जुना ४.१ आणि नवीन ४.१ वेगळे, जुना ६.२ आणि नवीन ६.२ पण वेगळे. म्हणून पुढचं वर्षभर पत्रात नंबर लिहिताना "नवीन ४.१" किंवा "जुना ४.१" असंच लिहा. आधी निघालेल्या नोटिशी तशाच राहतील, त्यांच्यावर नवीन नंबर घालायचा नाही.

कोणाला कुठे अर्थ बदललाय असं वाटलं तर नवीन नंबर आणि जुन्या प्रतीतली ओळ, दोन्ही सोसायटीच्या ईमेलवर पाठवा, या महिन्याच्या शेवटापर्यंत. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते आणि तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी जायला लागते, त्या नोटिशीसोबत ही प्रत आणि "ठरवायचंय" चे तिन्ही विषय, म्हणजे १.३.१, ४.२ आणि ६.१.२, जोडायचे आहेत.