विषय: चेंबर ३ चं प्रीकूलिंग साडेनऊ तासांवरून साडेसहावर, हे काम रंजनाताईंचं

प्रति: रंजनाताई, क्वालिटी सुपरवायझर, ढकांबे पॅकहाऊस
प्रत: संचालक, नाशिक ऑफिस, पॅकहाऊसचे सर्व सुपरवायझर, लोडिंग आणि मेंटेनन्स

रंजनाताई, नमस्कार.

हा मेल मी तीन आठवडे उशिरा लिहितोय. आधी उशिराचं कारण सांगतो, कारण चूक माझी आहे.

फेब्रुवारीच्या अहवालात मी एक ओळ लिहिली होती, "चेंबर ३ मध्ये आवश्यक तांत्रिक सुधारणा करण्यात आली." कोणी केली, काय केली, काहीच नाही. गेल्या सोमवारी नाशिक ऑफिसमधल्या बैठकीत संचालक साहेब म्हणाले, "कंप्रेसरवाल्यांनी शेवटी काम नीट केलं म्हणायचं." तेव्हा कळलं की माझ्या त्या ओळीने तुमचं काम भलत्याच्याच नावावर चढवलंय. कंप्रेसरला कोणी हातसुद्धा लावला नव्हता. बैठकीत मी तोंडी खुलासा केला, पण अहवाल लेखी होता, म्हणून दुरुस्तीही लेखीच.

प्रत ज्यांना जातेय त्यातल्या काहींना सगळं माहीत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात चेंबर ३ मधला द्राक्षांचा माल थंड व्हायला नऊ-साडेनऊ तास घेत होता. शेजारच्या १ आणि २ मध्ये तोच माल साडेसहा-सात तासांत दोन अंशांवर यायचा. चेंबरच्या दारावरचा डिस्प्ले मात्र तिन्हीकडे अर्धा अंश दाखवत होता. मी डिस्प्लेवर विश्वास ठेवला आणि ठरवून टाकलं की कंप्रेसर कमी पडतोय. सेटिंग उणे दीडवर न्या, असंही मीच मेंटेनन्सला सांगितलं. त्या संध्याकाळी तुम्ही मला फोन करून म्हणालात, "सर, उणे दीडवर नेलं तर पंख्यासमोरच्या पेट्यांचे देठ आधी मार खातील, आणि मधल्या पेट्या तरी गरमच राहतील. मला चार रात्री द्या." मला राग आला होता, हे कबूल करतो. पण सेटिंग मागे घेतलं. आज त्याचं समाधान आहे.

त्या चार रात्री तुम्ही काय केलंत ते तुमच्या वहीत आहे. मी काल ती पुन्हा पहिल्यापासून वाचली. ११ पॅलेट, प्रत्येकात तीन पेट्या: एक पंख्याकडच्या बाजूची, एक मधल्या ओळीतली, एक वरच्या थरातली. दर तासाला थर्मामीटरची सुई मण्याच्या गाभ्यात घालून घेतलेली नोंद. ८ फेब्रुवारीच्या पानावर सहाव्या तासाला बाहेरची पेटी १.८ आणि त्याच पॅलेटची मधली पेटी ९.४ आहे. त्या आकड्याभोवती तुम्ही दोनदा गोल केलाय, पेन उमटून मागच्या पानावर गेलंय. सगळ्या भानगडीचं मूळ त्या गोलात होतं. हवा थंड होती, पण ती मालातून जातच नव्हती.

मग तुम्ही उदबत्ती लावलीत. रात्रपाळीच्या पोरांनी आधी चेष्टा केली की ताई चेंबरची पूजा करतायत. पण उदबत्ती पेटीच्या भोकासमोर धरल्यावर धूर आत शिरायला हवा होता, तो सरळ वर गेला आणि पॅलेटवरच्या ताडपत्रीच्या सैल कडेखालून पंख्याकडे निघून गेला. खाली जमिनीलगत, पॅलेटच्या लाकडी पट्ट्यांमधून, तेच. हवेला सोपी वाट मिळाली की ती अवघड वाटेला कशाला जाईल. हे आपण सगळेच जाणतो, पण वाट कुठून आहे हे बघायला गुडघ्यावर बसून उदबत्ती धरणाऱ्या तुम्हीच.

तरी एक प्रश्न उरला होता: भोकं असूनही हवा पेटीत का शिरत नाही? जानेवारीत चेंबर ३ मध्ये एक पॅलेट कलून पडलं होतं. तेव्हापासून लोडिंगच्या मंडळींनी तिथे पेट्या विटांच्या सांधेमोडीसारख्या रचायला सुरुवात केली, एक थर आडवा, एक उभा. पॅलेट घट्ट बसलं, पण वरखालच्या आणि आतल्या पेट्यांची भोकं एकमेकांसमोर राहिली नाहीत. पुठ्ठ्यासमोर पुठ्ठा आला. १ आणि २ मध्ये जुनीच सरळ रचना होती, म्हणून तिथे त्रास नव्हता. हे तुम्ही रिकाम्या पेट्यांवर मोबाईलचा टॉर्च मारून दाखवलंत: सरळ रचलेल्या ओळीतून उजेड पलीकडे निघाला, सांधेमोडीतून निघाला नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वात देखणी गोष्ट ती होती. दहा मिनिटं, एक टॉर्च, आणि वाद संपला.

वाद खरं तर पूर्ण संपला नव्हता. लोडिंगवाल्यांचं म्हणणं रास्त होतं, सरळ रचलेलं पॅलेट पुन्हा पडलं तर जबाबदार कोण? तुम्ही वरून आदेश आणा म्हणाला नाहीत. लोडिंगच्या भाऊसाहेबांना घेऊन एकच पॅलेट सरळ रचलंत, चारही कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे कॉर्नर लावलेत, तीन उंचींवर पट्टी ओढलीत आणि फोर्कलिफ्टवर ठेवून आवारात दोन चकरा मारायला सांगितल्यात, वळणावर मुद्दाम ब्रेक दाबून. सर्वात खालच्या दोन थरांमध्ये चौथी पट्टी टाकायची सूचना भाऊसाहेबांची होती. हे तुम्ही वहीत त्यांच्या नावासकट लिहिलंय, म्हणून इथेही लिहितो. माझ्या अहवालापेक्षा तुमची वही जास्त प्रामाणिक आहे.

बाकीचं लवकर झालं. जमिनीलगतच्या फटीत स्पंज, ताडपत्रीच्या कडेवर वाळू भरलेल्या लांब पिशव्या, आणि सगळीकडे सरळ रचना. १५ फेब्रुवारीपासून आजपर्यंत चेंबर ३ ची सरासरी साडेसहा तास आहे. सहाव्या तासाला बाहेरची पेटी १.४, मधली २.३. एक अंशाहूनही कमी फरक, जिथे आधी साडेसात अंशांचा होता.

तीन तास वाचले तर एवढं काय, असं ऑफिसात कोणाला वाटू शकतं, म्हणून थोडं पॅडबद्दल. प्रीकूलिंग झाल्यावर आपण पेटीत सल्फर डायऑक्साइडचा पॅड ठेवून लायनर बंद करतो. मणी आतून गरम असताना लायनर बंद झालं, की आत घाम धरतो. पॅड ओलाव्यावर काम करतो, त्यामुळे पुढचे कित्येक आठवडे पुरवून सुटायचा वायू पहिल्या काही दिवसांतच सुटतो. मणी देठाजवळ पांढरे पडतात आणि पुढे बुरशीला अडवायला पॅडमध्ये काही उरत नाही. बोटीवर हे दिसत नाही. दिसतं ते पलीकडे कंटेनर उघडल्यावर. तुम्ही बदलाआधी ४० आणि बदलानंतर ४० पेट्या पॅड ठेवण्याच्या वेळी तपासल्यात. आधी १७ पेट्यांच्या लायनरला आतून दव होतं. नंतर दोन.

बदलानंतरचे कंटेनर अजून समुद्रात आहेत. तिकडचा अहवाल आला की मग लिहू, असं माझ्या मनात होतं, आणि उशीर होण्याचं ते दुसरं कारण. पण तो अहवाल चांगला येवो वा वाईट, त्यात बागेतला पाऊस, बोटीचा उशीर, बंदरातली विजेची जोडणी, सगळं मिसळलेलं असणार. तुम्ही जे केलंत ते चेंबरच्या दाराशी मोजून झालंय.

एक परिणाम मात्र कोणत्याच तक्त्यात येणार नाही. चेंबर ३ लवकर रिकामं होतं, त्यामुळे पॅड आणि पॅकिंगची शेवटची बॅच आता रात्री अकराच्या आत संपते. आधी दीड वाजायचा. पेठ-सुरगाण्याकडून हंगामापुरत्या आलेल्या बायका, ज्यांची लेकरं शेडमागच्या खोल्यांत झोपलेली असतात, त्या आता वेळेत परततात. परवा त्यांच्यातल्या एक मावशी मला म्हणाल्या, "ताईनं काय केलं ते कळलं नाय, पण झोप मिळती." मला हे वाक्य कुठल्याही प्रशस्तिपत्रापेक्षा मोठं वाटतं. तुमच्यापर्यंत कोणी पोचवलं नसेल, म्हणून इथे लिहिलं.

आता पुढचं. फेब्रुवारीचा अहवाल मी आज दुरुस्त करून पाठवलाय. त्या ओळीच्या जागी तुमचं आणि भाऊसाहेबांचं नाव आहे. लोडिंगच्या तक्त्यात "मधल्या पेटीचं तापमान" असा रकाना वाढवलाय. तो भरल्याशिवाय पॅडला परवानगी नाही, मग डिस्प्ले काहीही म्हणो. दोन नवीन सुईचे थर्मामीटर मागवलेत, कारण तुम्ही चार रात्री एकच थर्मामीटर तीन चेंबरमध्ये पळवत होतात. आणि पुढच्या हंगामापासून तिन्ही चेंबरच्या प्रीकूलिंगची जबाबदारी तुमच्याकडे द्यावी, त्याप्रमाणे पगारही ठरवावा, अशी लेखी शिफारस मी संचालकांकडे केलीये. त्यांचं उत्तर अजून यायचंय. आलं की आधी तुम्हाला कळवीन, ग्रुपवर नंतर.

ग्रुपवरून आठवलं. १५ तारखेला मी तिथे "खूप छान, टीम!" टाकून वर अंगठा दिला होता. तेव्हा तुम्ही पुन्हा रात्र जागून निमाणीला जाणारी सकाळची बस पकडत होतात. ते एवढंसं पुरेसं नव्हतं.

मंगळवारी सकाळी अकराला नाशिक ऑफिसला या, वही घेऊन. गाडी पाठवतो, बसने येऊ नका. संचालक साहेबांना ते ८ तारखेचं पान स्वतः बघायचंय, आणि टॉर्चचा प्रयोग त्यांच्यासमोर करायचा म्हणून मी चार रिकाम्या पेट्या ऑफिसात आणून ठेवल्यात.

आपला,
अविनाश
क्वालिटी विभाग

ता. क. भाऊसाहेब म्हणाले की तो स्पंज तुम्ही भद्रकालीतून स्वतःच्या पैशाने आणला, ८४० रुपयांचा. बिल असेल तर मंगळवारी आणा. नसेल तर एका साध्या कागदावर लिहून द्या, सही मी करतो. उदबत्तीचा पुडाही त्यात धरा.