सर, मी सुनंदा

सर, नमस्कार. मी सुनंदा, १९९४ च्या दहावीची, दारव्ह्याजवळच्या आपल्या शाळेतली. परवा आमच्या वर्गाचा स्नेहमेळावा झाला. तिथे एका मैत्रिणीकडून तुमचा नंबर मिळाला. तुम्ही अमरावतीला मुलाकडे आहात, तब्येत बरी आहे, हे ऐकून डोळे भरून आले.

त्या वर्षी दिवाळीनंतर मी शाळा सोडली होती. कापूस वेचायला घरात हात कमी होते. तुम्ही सायकलने थेट वावरात आलात. धुऱ्यावर बसून बाबांशी बोललात, माझ्याबद्दल थोडं, पऱ्हाटीबद्दलच जास्त. उठताना एवढंच विचारलंत, "पोरगी उद्या येईल ना?" बाबांना नाही म्हणवलं नाही. बोर्डाच्या फॉर्मचे पैसेही तुम्हीच भरले होते, हे आईने मला कितीतरी वर्षांनी सांगितलं.

आज मी ग्रामीण रुग्णालयात नर्स आहे. बाबा होते तोवर दरवर्षी सीतादहीला तुमची आठवण काढायचे. हे सांगायला मी फार उशीर केला सर, माफ करा.

येत्या रविवारी यायचं म्हणते. पत्ता पाठवाल? अंबाडीची भाजी आणि भाकरी घेऊन येते.

तुमची,
सुनंदा