साप्ताहिक लघुचाचणी ४ : मध्य, मध्यक आणि प्रमाण विचलन

द्वितीय वर्ष विज्ञान, सांख्यिकी, नाशिक
वेळ : २० मिनिटे. एकूण गुण : १५

ही चाचणी सोमवारच्या एकाच व्याख्यानावर आधारलेली आहे आणि त्या तासात न आलेला कोणताही भाग तिच्यात विचारलेला नाही. कॅल्क्युलेटर वापरता येईल. जेथे कारण विचारले आहे तेथे नुसता आकडा लिहिल्यास निम्मेच गुण मिळतील, कारण मध्य काढणे कॅल्क्युलेटरलाही जमते. मध्य कोठे वापरावा आणि कोठे वापरू नये, हे मात्र आपल्यालाच ठरवावे लागते. प्रश्नांतील आकडे सरावासाठी तयार केलेले असून ते कोणत्याही बाजार समितीच्या नोंदींतून घेतलेले नाहीत.

प्र. १. (१ गुण) निरीक्षणांच्या विचलनांच्या वर्गांची बेरीज कोणत्या मापापासून मोजली असता सर्वांत कमी येते?
(अ) मध्य (ब) मध्यक (क) बहुलक (ड) कमाल मूल्य

प्र. २. (६ गुण) लासलगावच्या लिलावात एका सकाळी कांद्याच्या नऊ ट्रॉल्यांना प्रतिक्विंटल पुढीलप्रमाणे दर मिळाले, असे समजा (रुपयांत) :

१७००, १४००, १८५०, ६५०, १६००, १७५०, १५५०, १८००, १६५०

(अ) मध्य आणि मध्यक काढा. मध्यक काढण्यापूर्वी निरीक्षणे चढत्या क्रमाने मांडलेली उत्तरपत्रिकेत दिसली पाहिजेत.

(ब) ६५० हे निरीक्षण वगळून दोन्ही मापे पुन्हा काढा. कोणते माप किती रुपयांनी सरकले ते लिहा आणि दुसरे माप त्या मानाने जागेवर का राहिले, हे एका वाक्यात सांगा.

(क) मध्यक बाजूला ठेवून उरलेल्या खालच्या आणि वरच्या निम्म्या भागांचे मध्यक हे अनुक्रमे पहिले आणि तिसरे चतुर्थक मानावेत. त्या दोहोंतील अंतराच्या दीडपट अंतर पहिल्या चतुर्थकाच्या खाली आणि तिसऱ्याच्या वर मोजा. या जॉन टुकी यांच्या नियमाप्रमाणे ६५० हे निरीक्षण मर्यादेबाहेर पडते का?

(ड) चौकशी केल्यावर असे कळले की ६५० रुपये दर मिळालेली ट्रॉली अवकाळी पावसात भिजली होती. दर नोंदवताना कसलीही चूक झालेली नव्हती. त्या दिवशी शेतकऱ्यांना काय दर मिळाला याचा अहवाल तुम्हाला लिहायचा असेल, तर हे निरीक्षण वगळाल की ठेवाल? उत्तर देताना एवढे ध्यानात घ्यावे की टुकींचा नियम निरीक्षणाकडे बोट दाखवतो, ते खोटे आहे असे म्हणत नाही, आणि त्या ट्रॉलीमागेही एका घराचा हंगाम आहे.

प्र. ३. (२ गुण) एका शेतकऱ्याचा २० क्विंटल कांदा १८०० रुपये दराने आणि १० क्विंटल कांदा १२०० रुपये दराने विकला गेला. त्याला प्रतिक्विंटल सरासरी १५०० रुपये मिळाले, हे विधान तपासा आणि चूक असल्यास योग्य भारित मध्य काढा.

प्र. ४. (३ गुण) निफाड तालुक्यातील एका बागेतून तोडलेल्या पाच द्राक्षमण्यांचे व्यास, मिलिमीटरमध्ये, १४, १६, १८, २०, २२ असे आहेत.

(अ) नमुन्याचे प्रमाण विचलन काढा. भागाकार ५ ने न करता ४ ने करावयाचा आहे. मध्यापासूनची पहिली चार विचलने कळली की पाचवे आपोआप का ठरते, हेही लिहा.

(ब) नंतर असे लक्षात आले की व्हर्नियर कॅलिपर प्रत्येक माप १ मिलिमीटरने जास्त दाखवत होता. मापे दुरुस्त केल्यावर मध्य आणि प्रमाण विचलन यांवर काय परिणाम होईल? नव्याने आकडेमोड करू नये. केवळ विचाराने उत्तर द्यावे.

प्र. ५. (३ गुण) बाजारभावाच्या दैनिक तक्त्यात बहुधा किमान, कमाल आणि सरासरी असे तीनच दर दिलेले असतात. सरासरी म्हणजे येथे साधा मध्य असे धरून, प्रत्येकी पाच दरांचे असे दोन संच स्वतः तयार करा की ज्यांचे किमान, कमाल आणि मध्य हे तिन्ही आकडे तंतोतंत सारखे असतील, पण प्रमाण विचलन वेगळे असेल. दोन्ही प्रमाण विचलने काढून दाखवा. त्यानंतर, या दोन दिवसांपैकी कोणत्या दिवशी माल विकायला आणलेल्या शेतकऱ्याला आपल्याला मिळणाऱ्या दराचा अंदाज बांधणे अधिक अवघड गेले असते, ते कारणासह लिहा.