असूयेचा टॅरो स्प्रेड: तुझ्या प्रश्नाचं लेखी रीडिंग

तुझा मूळ प्रश्न होता, "ताई, त्याचं ऑफिसातल्या त्या मुलीशी काही चालू आहे का?" यावर कार्डं काढणार नाही असं मी फोनवर म्हटलं तेव्हा तू जरा हिरमुसलीस. कारण इथं लिहून ठेवते, म्हणजे पुढे कधी वाटलं तर पुन्हा वाचता येईल. तो या रीडिंगला हजर नाही, त्याने काही विचारलेलं नाही. त्याच्याविषयी कार्डांतून मी काहीही सांगितलं असतं, तरी ते पडताळायला तुझ्या हाती काही नव्हतं. "नाही" आलं असतं तर तुझा विश्वास बसला नसता, आणि "हो" आलं असतं तर लगेच बसला असता. संशयाला एवढं पुरतं. म्हणून आपण दोघींनी मिळून प्रश्न बदलला: तिचं नाव निघालं की माझ्या आत काय होतं, आणि ते येतं कुठून?

डेक रायडर-वेट-स्मिथ, १९०९ सालचा. यातली चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांनी काढली आहेत आणि मी चित्रांवरूनच वाचते, तेव्हा सोबतचा फोटो मोठा करून समोर ठेव. पाच कार्डं, डावीकडून उजवीकडे, सगळी सरळ आली आहेत.

पहिली जागा: असूया उफाळते तेव्हा मला काय दिसतं? इथं आलाय चंद्र, मेजर आर्काना म्हणजे टॅरोतल्या मुख्य कार्डांतलं अठरावं कार्ड. पाचांत मेजर हे एकच. एक कुत्रा आणि एक लांडगा, दोघंही त्याच चंद्राकडे तोंड करून ओरडतायत, आणि खाली पाण्यातून एक खेकड्यासारखा जीव वर येतोय. या कार्डाचा अर्थ "काहीतरी लपवलं जातंय" असाही लावतात, आणि तुला तोच हवासा वाटेल. पण जागा कोणती आहे ते बघ. "मला काय दिसतं" या जागेवर चंद्र आला म्हणजे उजेड अपुरा आहे. त्या उजेडात माणसाळलेला कुत्रा आणि जंगलातला लांडगा सारखेच भासतात. तू लिहिलंस, "तो तिचं नाव घेताना हसला." हसला हे तू पाहिलंस. का हसला, ते तू भरलंस. भरलेलं चूकच असेल असं मी म्हणत नाही. पाहिलेलं आणि भरलेलं वेगळं लिहून काढ, एवढंच सांगतेय.

दुसरी जागा: मग मी काय करते? तलवारींचा सात. हे कार्ड पाहून तुझ्या पोटात गोळा आला असणार, कारण कुठेही अर्थ शोधलास तरी पहिल्या ओळीत "फसवणूक" सापडेल. क्षणभर त्याला विसर आणि चित्रातला माणूस नीट बघ. तो चवड्यांवर चालतोय, पाच तलवारी उचलल्यात, आणि मान वळवून मागे तंबूंकडे बघतोय, कुणी पाहिलं तर नाही ना. तो आंघोळीला गेला की त्याचा फोन हातात घेणारी तू, आणि नळ बंद झाल्याचा आवाज येताच फोन होता तसाच पालथा ठेवणारी तू. हे तूच मला लिहिलंस, आणि लिहायला धीर लागला असणार, म्हणून मी ते सौम्य करून सांगत नाही. तलवारी त्याने धरल्यात कशा, तेही बघ: मुठीने नाही, पात्यांनी. जे मिळवलं तेच हाताला कापतंय. चॅटमध्ये तुला सापडलं "उद्या मीटिंग किती वाजता" आणि एक हसरा चेहरा, आणि त्या चेहऱ्यावर तू रात्रभर जागलीस. विचारताही येत नाही, कारण विचारलंस तर फोन पाहिल्याचं कबूल करावं लागेल. मागे जमिनीत दोन तलवारी रोवलेल्या राहिल्यात. माझ्या वाचनात त्या म्हणजे तू त्याला उघडपणे विचारू शकली असतीस ते प्रश्न. ते अजून तिथंच उभे आहेत.

तिसरी जागा, मी कशाला घट्ट धरलंय, इथं पेंटॅकल्सचा, म्हणजे नाण्यांचा चार. एक नाणं छातीशी कवटाळलेलं, एक डोक्यावर, दोन पायांखाली. त्यातलं काहीही पडू द्यायचं नसेल तर याला जागेवरून हलताच येणार नाही. मागच्या महिन्यात मैत्रिणींसोबतची सहल तू रद्द केलीस, "मी नसताना काय होईल" म्हणून. तेच हे.

चौथ्या जागेवर मी सगळ्यात जास्त वेळ थांबले. असुरक्षिततेचं मूळ: पेंटॅकल्सचा पाच. बर्फात दोन माणसं चाललीत, एक अनवाणी, एक कुबड्यांवर, आणि बाजूला उजळलेली रंगीत काचेची खिडकी. आत ऊब आहे, हे दोघं बाहेर. दार चित्रात कुठेच नाही. तुझ्या मेलच्या अगदी शेवटी, विषय संपल्यावर, तू एक ओळ टाकलीस: "तसंही लहानपणापासून आमच्याकडे सगळे धाकटीकडेच बघायचे." कुणी विचारलं नव्हतं, तरी लिहिलंस. कार्ड आणि ती ओळ शेजारी ठेवली तेव्हा मला वाटलं, ऑफिसातली ती मुलगी येण्याच्या खूप आधीपासून तू खिडकीबाहेर उभी आहेस. हे बरोबर आहे की नाही ते तूच सांगू शकतेस. नसेल तर सोडून दे. असेल, तर स्वतःला हे विचार: तिचं नाव ऐकल्यावर पहिल्या क्षणी येतं ते "तो मला फसवतोय" की "मी कमी पडले"? दोन्हींमधलं अंतर फार कमी असतं, म्हणून घाई न करता ऐक. चार आणि पाच दोन्ही पेंटॅकल्सचे आहेत, आणि हा सूट, म्हणजे कार्डांचा गट, मी माणसाच्या मोलाचा, स्थैर्याचा म्हणून वाचते. प्रेमाचा, भावनांचा सूट कप्स. तो पहिल्या चार जागांवर एकदाही आला नाही.

तो येतो पाचव्या जागेवर, आता मी काय हाती घेऊ: कप्सची राणी. पाण्याकाठी बसलीय आणि हातातल्या कपाकडे एकटक बघतेय. या सूटमधल्या बाकी कपांना झाकण नाही, हिच्या कपाला आहे. भावना तिने नाकारलेली नाही, कुणाच्या अंगावर ओतलेलीही नाही. ती धरून बसता येतं तिला. तुझ्यासाठी याचा अर्थ असा की पुढच्या वेळी छातीत धस्स झालं की फोनकडे जाण्याआधी वहीकडे जा आणि चौथ्या कार्डाचा प्रश्न लिही. मग त्याच्याशी बोल. उदाहरणार्थ असं: "तिचं नाव निघालं की मला भीती वाटते, मी मागे पडतेय असं वाटतं. मी तुझा फोनही पाहिला, ते चुकलं. मला तुझ्याकडून ऐकायचंय." तो चिडेल कदाचित. त्याला वेळ दे, पण उत्तर घे.

त्याच्या उत्तरात खरंच काही खटकलं, तो टाळाटाळ करू लागला किंवा तुलाच वेडी ठरवू लागला, तर ते तुझ्या असुरक्षिततेच्या खात्यात टाकू नकोस. तेव्हा निर्णय त्याच्या वागण्यावरून घ्यायचा, माझ्या कार्डांवरून नाही. आणि झोप उडणं असंच चालू राहिलं तर समुपदेशकाकडे जा; रीडिंग त्याची जागा घेऊ शकत नाही.

"क्लॅरिफायर म्हणून आणखी एक कार्ड काढाल का" असं तू विचारशील, म्हणून आधीच सांगते: हे बोलणं होईपर्यंत या विषयावर मी एकही कार्ड काढणार नाही. बोलून झालं की कळव, आणि चौथ्या कार्डाबद्दल तुला काय वाटलं तेही लिही.