पगारवाढीबाबत विनंती: एप्रिल 2026 पासून

9 फेब्रुवारी 2026

आदरणीय देशपांडे सर,

पुढच्या वर्षाचं बजेट महिनाअखेरीस संचालकांकडे जाणार आहे, म्हणून त्याआधी हा विषय तुमच्यापुढे मांडते. माझा सध्याचा मासिक ग्रॉस पगार 34,020 रुपये आहे. तो एप्रिलपासून 41,000 रुपये व्हावा, अशी माझी विनंती आहे. गेल्या एप्रिलमध्ये सर्वांबरोबर मला 5 टक्के वाढ मिळाली, त्याबद्दल आभारी आहे. मात्र या दोन वर्षांत माझ्या टेबलावरचं काम बदललं आहे आणि पगार अजून जुन्या कामाचाच आहे, असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यात मोठा फरक इनपुट क्रेडिटमध्ये पडला. 2024-25 ची खरेदी पुस्तकं आणि पोर्टलवरचं 2बी मी मागच्या उन्हाळ्यात बिलागणिक ताडून पाहिली, तेव्हा 14,20,000 रुपयांचं क्रेडिट 2बीमध्ये दिसत नव्हतं. त्यातले 5,30,000 रुपये खरे अडकलेले नव्हते. ते पुरवठादार तिमाही रिटर्न भरतात, त्यामुळे त्यांची बिलं उशिराने दिसली. उरलेले 8,90,000 मात्र बुडायच्या वाटेवर होते. कुणी आपला जीएसटी क्रमांक चुकीचा टाकला होता, दोघांनी आपली बिलं बी2सीमध्ये दाखवली होती, काहींनी रिटर्नच भरलं नव्हतं. त्या वर्षाचं क्रेडिट घेण्याची मुदत 30 नोव्हेंबर 2025 ला संपत होती. प्रत्येकाला बिलाची प्रत आणि नेमकी दुरुस्ती लिहून पाठवली, त्यांच्या कर सल्लागारांशी बोलले, आणि ज्यांची पुढची पेमेंट बाकी होती त्यांची यादी तुमच्याकडे मंजुरीला आणली. तुम्ही ती पेमेंट थांबवायला परवानगी दिलीत, म्हणून बरंच काम हललं. ऑक्टोबरच्या 3बीपर्यंत 7,65,000 रुपयांचं क्रेडिट मिळालं. 1,25,000 मिळाले नाहीत, कारण त्या पुरवठादाराची नोंदणीच रद्द झाली आहे. ही रक्कम कंपनीच्या हक्काचीच होती, ती मी कमावून दिली असा माझा दावा नाही. पण कुणी मागे लागलं नसतं तर ती गेली असती. आता हे जुळवणीचं काम दर महिन्याला 14 तारखेला 2बी आलं की लगेच होतं, वर्षअखेरीची वाट पाहावी लागत नाही.

दुसरं, सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी. कलम 43बी(एच) लागू झाल्यावर पहिल्या वर्षी, म्हणजे 2023-24 मध्ये, वेळेत न दिलेल्या 22,40,000 रुपयांच्या खर्चाची वजावट आपल्याला त्या वर्षी मिळाली नाही. पुढच्या वर्षी हा आकडा 3,10,000 वर आला. वजावट पैसे दिल्यावर मिळतेच, हे खरं. पण तोवर कर आधी भरावा लागतो आणि खेळतं भांडवल अडकतं. पुरवठादारांची उद्यम प्रमाणपत्रं गोळा करून, कुणाला 15 दिवसांत आणि लेखी करार असल्यामुळे कुणाला 45 दिवसांत द्यायचं, याचा साप्ताहिक तक्ता मी तयार करते. शुक्रवारी तुमच्याकडे येतो तो हाच.

याशिवाय जून 2024 मध्ये बिलिंगची जागा रिकामी झाल्यापासून ई-इनव्हॉइस आणि ई-वे बिलं माझ्याकडे आहेत. महिनाअखेरीला गाड्या गेटवर उभ्या असतात तेव्हा तेच काम आधी करावं लागतं. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. डिस्पॅचच्या मंडळींबरोबर काम करायला मला आवडतं. पगार ठरवताना ही जबाबदारी धरली जावी, एवढंच.

41,000 हा आकडा कसा काढला, तेही सांगते. सातपूर-अंबड भागातल्या अशाच कामाच्या काही जाहिराती सोबत जोडल्या आहेत. त्यांत 40,000 ते 45,000 रुपये दिले आहेत. त्या फक्त तुलनेसाठी आहेत, मी कुठेही अर्ज केलेला नाही. कंपनीवर वर्षाचा भार 83,760 रुपये पडेल, पीएफचा वाटा वेगळा.

यंदा ऑर्डर कमी आहेत याची मला कल्पना आहे. सगळी वाढ एकदम शक्य नसेल तर काही एप्रिलमध्ये आणि उरलेली ऑक्टोबरमध्ये दिली तरी चालेल. आणि माझ्या कामात काही कमी वाटत असेल तर तेही स्पष्ट सांगा, त्यावर मी काम करेन. निर्णय काहीही झाला तरी मार्चचं क्लोजिंग आणि ऑडिटची तयारी ठरल्याप्रमाणेच होईल.

क्रेडिटची बिलवार फाइल, पुरवठादारांशी झालेला मेल व्यवहार आणि दोन्ही वर्षांचे देण्यांचे तक्ते सोबत आहेत. 20 तारखेला 3बी भरून झालं की सोमवारी, 23 फेब्रुवारीला, दुपारी चारनंतर तुम्ही अर्धा तास देऊ शकाल का? फाइल समोर ठेवून बोलता येईल.

आपली विश्वासू,
माधुरी
लेखा विभाग